एकाच भाचीचे दोन रेझ्युमे

निवृत्त ऑडिटरकडे लोक दोनच कामं घेऊन येतात. एक, सोसायटीचा ताळेबंद बघून द्या. दुसरं, पोराचा रेझ्युमे बघून द्या. पहिल्या कामात निदान चहा मिळतो. दुसऱ्यात नुसती पीडीएफ येते, तीही रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘काका, सकाळपर्यंत झालं तरी चालेल’ अशा उदार सवलतीसह.

हल्ली यात एक नवीन प्रकार सुरू झालाय. एकाच माणसाचे दोन रेझ्युमे येतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीने मला ते एकापाठोपाठ पाठवले. पहिला उघडला तर त्यात ती डेटा अ‍ॅनालिस्ट. दुसरा उघडला तर त्यात ती ट्रेनर, म्हणजे कंपनीत नव्याने आलेल्या पोरांना शिकवणारी. मी तिला अंगठा चोखताना पाहिलेलं असल्यामुळे दोन्ही वाचून मला सारखंच आश्चर्य वाटलं.

दोन रेझ्युमे करण्यात गैर काहीच नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोरीला आकड्यांत खरंच रस आहे आणि शिकवण्यातही खरंच रस आहे. दोन्ही एकाच कागदावर कोंबलं की वाचणाऱ्याला वाटतं, हिला नक्की काय हवंय हे हिलाच ठाऊक नाही. तेव्हा कागद दोन हवेतच. आणि ही कला आपल्याकडे काही आज आलेली नाही. लग्नाच्या बायोडेटात एकच मुलगा पुण्याच्या स्थळासाठी ‘ट्रेकिंग आणि वाचनाची आवड’ असतो, आणि गावाकडच्या स्थळासाठी ‘निर्व्यसनी, चार एकर बागायत’. दोन्ही खरं असतं. फक्त जन्मतारीख दोन्हीकडे एकच ठेवावी लागते, कारण ती दोन स्थळं कधी एकमेकांच्या नात्यात निघतील याचा नेम नसतो.

मी कोपऱ्यावरून दोन्ही पीडीएफच्या प्रती काढून आणल्या. झेरॉक्सवाल्याने कागद जुळवता जुळवता विचारलं, “काका, ही एकच मॅडम का?” जे झेरॉक्सवाल्याला दिसतं ते एचआरवाल्याला दिसणार नाही, असं मानण्याचं काही कारण नव्हतं.

तर पहिली गोष्ट हुद्द्याची. चाकणच्या एका कारखान्यात ती साडेतीन वर्षांहून जास्त होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. एका रेझ्युमेत तिथला तिचा हुद्दा ‘डेटा अ‍ॅनालिस्ट – क्वालिटी’ असा होता, दुसऱ्यात ‘ट्रेनिंग कोऑर्डिनेटर’. मी म्हटलं, रिलीव्हिंग लेटर आण. त्यावर काय होतं? ‘इंजिनिअर – क्वालिटी’. कंपनीच्या मते तिथे डेटा अ‍ॅनालिस्ट नावाचा प्राणी कधी नव्हताच.

“पण मामा, मी काम तेच करत होते ना!”

“काम तू करत होतीस, हुद्दा कंपनी देत होती. ज्याचं त्याला ठेव.”

यावर तोडगा साधा आहे. हुद्दा पत्रावर जसा आहे तसा, अक्षरशः, दोन्ही कागदांवर. त्याच्या खाली एका ओळीत कामाचं स्वरूप लिहायला मोकळीक आहे. एकीकडे ‘कामाचं मुख्य स्वरूप: तपासणीच्या नोंदींचं विश्लेषण आणि अहवाल’, दुसरीकडे ‘कामाचं मुख्य स्वरूप: ऑपरेटरांचं प्रशिक्षण’. हुद्दा ठळक अक्षरात, स्वरूप साध्या अक्षरात. पडताळणी करणारा माणूस कारखान्यात फोन करून विचारतो तो हुद्दा. स्वरूपाबद्दल मुलाखतीत विचारतात, आणि तिथे पोरगी बोलायला खंबीर आहे. बढती मिळाली असेल तर तीही खरी तीच लिहायची. ही 2018 मध्ये असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागली आणि एप्रिल 2020 पासून इंजिनिअर झाली. म्हणजे बढती मिळाली त्या महिन्यात ती घरात बसून पोहे करत होती, पण पत्रात तारीख आहे म्हणजे आहे.

मग आम्ही तारखांकडे वळलो, आणि तिथे एक अनोळखी पाहुणा निघाला.

दोन्ही रेझ्युमेंत चाकणच्या कारखान्याची सुरुवात 2017 मधली लिहिली होती. निदान इथे तरी दोघींचं एकमत आहे, म्हणून मी खूश झालो. सवयीप्रमाणे म्हटलं, पीएफचं सर्व्हिस हिस्टरीचं पान उघड. पीएफ कापला जाणाऱ्या प्रत्येक नोकरदाराला बारा आकडी यूएएन असतो. त्या नंबराखाली आजवर कुठल्या कुठल्या मालकाने तुमचा पीएफ भरला, कधी लागलात आणि कधी सुटलात, हे ओळीने दिसतं. पडताळणी करणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा हेच पान मागतात. कारण उमेदवार काय वाटेल ते लिहू शकतो, पण पीएफ भरणाऱ्या मालकाला उमेदवाराच्या करिअरच्या आवडीनिवडीशी काही देणंघेणं नसतं.

पानावर पहिली ओळ आली. ऑगस्ट 2017 ते जुलै 2018, आणि मालकाच्या जागी भलत्याच कंपनीचं नाव. भाची घाबरीच झाली. “मामा, या कंपनीत मी पाऊलसुद्धा ठेवलं नाही रे!”

पाऊल ठेवलं नव्हतं हे खरंच. तो मनुष्यबळ पुरवणारा कंत्राटदार होता. पहिलं वर्ष ती त्याच्या पगारपत्रकावर होती आणि काम कारखान्यात करत होती. नंतर कारखान्याने तिला आपल्याकडे घेतलं. कारखान्याला फोन केला असता तर एचआरने सांगितलं असतं, बाई आमच्याकडे ऑगस्ट 2018 पासून. म्हणजे दोन्ही रेझ्युमे एकमेकांशी जुळत होते आणि दोन्ही मिळून पीएफशी जुळत नव्हते. ऑडिटमध्ये याला आम्ही फार मानतो. दोन वह्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या म्हणजे दोन्ही बरोबर असतात असं नाही, एवढंच कळतं की दोन्ही एकाच हाताने लिहिल्यात.

“सॅलरी स्लिपवर नाव असेल ना कंत्राटदाराचं. कधी पाहिलं नाहीस?”

“स्लिपवर मी फक्त आकडा पाहायचे. आणि तो पाहून झाल्यावर बाकी काही पाहायची इच्छा राहायची नाही.”

इथली खरी ओळ अशी: कंत्राटदार कंपनीचं नाव, हुद्दा ‘ट्रेनी इंजिनिअर’, आणि पुढे ‘नेमणूक: अमुक कारखाना, चाकण’. वाचणाऱ्याला कारखान्याचं नाव दिसतं, पडताळणी करणाऱ्याला कंत्राटदाराचं सापडतं. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. चाकणच्या पट्ट्यात अशी सुरुवात केलेली पोरं पैशाला पासरी आहेत.

दुसरी गाठ तारखांतच होती, पण जास्त लबाड. चाकणची नोकरी तिने मार्च 2022 अखेर सोडली आणि सध्याची सप्टेंबर 2022 मध्ये धरली. मध्ये पाच महिने. त्या काळात मेहुण्यांची बायपास झाली आणि ही घरी होती. डेटाच्या रेझ्युमेत तिने हे पाच महिने प्रामाणिकपणे मोकळे सोडले होते, वर त्यात एक ऑनलाइन कोर्स केल्याचंही लिहिलं होतं. ट्रेनरच्या रेझ्युमेत मात्र महिनेच नव्हते. नुसतं ‘2017 ते 2022’ आणि ‘2022 ते आजपर्यंत’. भोक एकदम बुजून गेलं होतं.

नुसती सालं लिहिणं हा गुन्हा नाही. पण एका कागदावर महिना-साल आणि दुसऱ्यावर नुसतं साल असलं की पहिला कागद दुसऱ्याची चहाडी करतो. ज्याच्या हातात दोन्ही येतील तो आधी हेच शोधेल, की दुसरीकडे महिने का गाळले. पाच महिने वडिलांजवळ थांबलेल्या मुलीला कोणी नाव ठेवणार नाही. पण ते लपवलेलं दिसलं तर जे नव्हतंच तेही लोक शोधायला लागतात. तेव्हा दोन्हीकडे महिना-साल, एकाच पद्धतीने. कोर्स हवा तर एकीकडे लिहावा, दुसरीकडे गाळावा. गाळण्याने तारीख बदलत नाही.

यातच एकूण अनुभवाचा घोळ होता. डेटाच्या कागदावर वरच्या परिच्छेदात ‘5 वर्षांचा अनुभव’, ट्रेनरच्या कागदावर ‘8 वर्षं’. मी ऑगस्ट 2025 अखेरपर्यंत बेरीज मांडली. पाच महिने वजा जाता नोकरी होते 7 वर्षं 8 महिने. आकड्यांचं काम तिच्याकडे बढतीनंतर आलं, ते बरोबर 5 वर्षांचं. म्हणजे 5 खोटं नव्हतं, 8 जरा फुगवलेलं होतं, आणि दोन्हींपुढे ते कशाचे हे लिहिलेलं नव्हतं. आता दोन्हीकडे ‘एकूण अनुभव 7 वर्षं 8 महिने’ ही एकच ओळ आहे. त्यापुढे स्वल्पविराम देऊन त्या-त्या कामाची वर्षं.

आता खरी मजा. दोन्ही कागदांवर एकच पराक्रम होता, पण तो दोन वेगवेगळ्या बायकांनी केल्यासारखा वाटत होता.

डेटावालीने लिहिलं होतं: ‘डेटा विश्लेषणाच्या जोरावर रिजेक्शन 33 टक्क्यांनी कमी केलं. गटाचं नेतृत्व.’ ट्रेनरने लिहिलं होतं: ‘प्रभावी प्रशिक्षणातून रिजेक्शन 1.4 टक्के कमी केलं. गटात सहभाग.’ एकच कारखाना, एकच साल. पहिलीला ठेवून घ्यावं आणि दुसरीला निरोप द्यावा, असा प्रकार.

मी तिला म्हटलं, रेझ्युमे बाजूला ठेव आणि काय झालं ते सांग. तेव्हा ती खरी खुलली. कारखान्यात धातूचे बुश बनत. बुश म्हणजे आतून भोक असलेला छोटा नळीसारखा भाग. त्या भोकाचं माप चुकलं की माल बाद. शंभरात 4.2 नग बाद होत होते. हिने सहा महिन्यांची कागदी तपासणी पत्रकं एक्सेलमध्ये चढवली, बाद होण्याची कारणं मोठ्याकडून लहानाकडे लावली, ज्याला तिकडे पॅरेटो चार्ट म्हणतात. सगळ्यात उंच खांब निघाला आतल्या मापाचा. मग पाळीवार पाहिलं तर रात्रपाळीत तो आणखी उंच. सगळ्यांचा संशय मशीनवर. हिने आणि तिच्या वरिष्ठांनी दहा नग घेतले आणि तेच नग तीन ऑपरेटरांना पुन्हा पुन्हा मोजायला दिले. तोच नग, मापं निरनिराळी. मशीन बिचारं निर्दोष होतं. मोजणाऱ्याच्या हाताप्रमाणे माप बदलत होतं आणि चांगला माल भंगारात चालला होता.

“म्हणजे कसं?” मी विचारलं. तिने माझ्या टेबलावरची पेन ठेवायची नळी उचलली, त्यात पेन्सिल घातली आणि दाखवायला लागली. “डायल बोअर गेज आत घातलं की ते असं हळूच डोलवायचं असतं. काटा एका बाजूला जातो, एका जागी थबकतो आणि उलटा फिरतो. जिथून उलटा फिरतो ते खरं माप. हे लोक गेज खुपसायचे आणि काटा दिसेल तो आकडा लिहायचे. आणि पाळी सुरू होताना मास्टर रिंगमध्ये घालून शून्य लावायचं असतं, ते रात्री कोणी लावायचंच नाही.” तिने अठरा ऑपरेटरांना पाच-सहाच्या तुकड्यांत हे शिकवलं. शेवटी प्रत्येकाकडून नग मोजून घेतला. सहा महिन्यांत 4.2 चे 2.8 झाले.

मी गप्प ऐकत होतो. दोन्ही रेझ्युमे मिळून जेवढं सांगत नव्हते, तेवढं तिने एका पेन्सिलीने सांगितलं.

आता हिशेब. 4.2 मधून 2.8 गेले तर उरतात 1.4, आणि 1.4 हा 4.2 चा तिसरा हिस्सा, म्हणून 33 टक्के. दोन्ही आकडे त्याच वजाबाकीतून आलेले. पण शेजारी ठेवले तर वाचणारा म्हणणार, एक काहीतरी थाप आहे. त्यातही ‘1.4 टक्के कमी’ हे चुकीचंच आहे. ते 1.4 टक्के-अंकांनी कमी झालं, आणि हा फरक डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायला निघालेल्या बाईने चुकवणं म्हणजे स्वयंपाकिणीने मीठ विसरणं. शिवाय श्रेय. विश्लेषणाने रोग कळला, शिकवण्याने तो बरा झाला. संपूर्ण 1.4 दोघींपैकी कोणाच्याही एकटीच्या खात्यावर टाकता येत नाही. आणि नेतृत्व? गट चौघांचा होता, प्रमुख तिचे वरिष्ठ होते. ती सहभागी होती, ते एका कागदावर बरोबर होतं.

तेव्हा आम्ही एक वाक्य गोठवलं: ‘क्वालिटी विभागातील चौघांच्या गटाने सहा महिन्यांत बुशचं रिजेक्शन 4.2 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आणलं.’ हे दोन्ही कागदांवर, काना-मात्रा न बदलता. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा दिला की टक्केवारी ज्याची त्याने काढावी. त्यापुढे ‘गटातलं माझं काम’ म्हणून एकीकडे पत्रकं, कारणवार मांडणी, पाळीवार फरक आणि मापातली तफावत सापडणं. दुसरीकडे अठरा ऑपरेटर, पाच-सहाच्या तुकड्या, शेवटी प्रत्यक्ष मोजणीची परीक्षा. एक कागद जे विस्ताराने सांगतो, ते दुसरा एका ओळीत उरकतो. पण दुसरा ते नाकारत नाही. कारखान्याचं आणि त्याच्या गिऱ्हाइकाचं गुपित राहावं म्हणून गिऱ्हाइकाचं नाव दोन्हीकडून काढलं. नेमणूकपत्रात बहुधा गोपनीयतेचं कलम असतं, आणि ते नोकरी सोडल्यावरही आपल्याला सोडत नाही.

हे सगळं झाल्यावर लक्षात आलं की मूळ वही दोघींची एकच हवी. म्हणून एक तिसरी फाइल केली, जी कोणालाही पाठवायची नाही. तिच्यात सगळं आहे. प्रत्येक नोकरीचा पत्रावरचा हुद्दा, पत्रावरची तारीख, पीएफवरचं मालकाचं नाव, आणि प्रत्येक दाव्याशेजारी त्याचा पुरावा कुठे आहे ते. दोन्ही रेझ्युमे तिच्यातून उचलायचे, एकमेकांतून नाही. आधी ती काय करायची, की डेटाचा रेझ्युमे उघडायचा, ‘सेव्ह अ‍ॅज’ करायचा आणि वरवर बदलून ट्रेनरचा करायचा. पाचव्या वेळेला एकातली दुरुस्ती दुसऱ्यात जायची राहायची. तिच्या संगणकावरच्या फायलींची नावं मी पाहिली: Resume_Final, Resume_Final_New, Resume_Final_New_use_this. आमच्या ऑफिसात असे कागद सापडले असते तर त्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहिला गेला असता.

आणि त्या फायलींतच एक वात्रट चहाडखोर बसलेला होता. ट्रेनरची पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली तर वरच्या पट्टीवर मोठ्या दिमाखात ‘Data Analyst Resume’ असं नाव. फाइलचं नाव बदललं तरी वर्डमध्ये File, Info इथे Title म्हणून जे आधी भरलेलं असतं ते तसंच राहतं आणि पीडीएफमध्ये जातं. तिथे आता दोन्हीकडे नुसतं तिचं नाव आहे.

लिंक्डइनचं काय, हा प्रश्न तिनेच काढला. रेझ्युमे दोन करता येतात, लिंक्डइनवरचं प्रोफाइल एकच आणि जगजाहीर. तेव्हा तिथे मूळ वहीसारखंच रूप हवं. पत्रावरचे हुद्दे, त्याच तारखा, कंत्राटदारासकट, आणि वर दोन्ही कामांचा उल्लेख. तिथे पहिलं आकडे आणि दुसरं शिकवणं असं लिहिल्यावर ती म्हणाली, “मामा, मग हा एकत्रच झाला की!” झाला. पण लिंक्डइन बघायला लोक स्वतः येतात, रेझ्युमे आपण त्यांच्या हातात देतो.

एकाच कंपनीत दोन्ही पाठवू नकोस, असं मी बजावलं. कंपन्यांत अर्ज ठेवायची जी यंत्रणा असते ती ईमेल आणि मोबाइल नंबरवरून एकाच उमेदवाराचे अर्ज एकाखाली एक लावते. एकाच बाईने सोमवारी आकड्यांसाठी आणि बुधवारी शिकवण्यासाठी अर्ज केलेला दिसतो. पाठवायचेच असतील तर सोबतच्या पत्रात आपणच सांगावं, की दोन्ही जागांसाठी इच्छुक आहे.

त्यानंतर मी तिला माझ्या मनासारखी एक वस्तू दिली: आवक-जावक रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, लाल कडेचं. तारीख, कंपनी, जागा, कोणता कागद पाठवला, आणि त्या दिवशीची पीडीएफ कुठे ठेवली. नुसतं ‘डेटावाला’ लिहून भागत नाही, कारण डेटावाला पुढच्या आठवड्यात सुधारलेला असतो. तिने रजिस्टर पाहिलं, हसली, आणि एक्सेल शीट केली. तीन आठवड्यांनी तिला एका कंपनीचा फोन आला. “मॅडम, तुमच्या अर्जाबद्दल बोलायचं होतं.” आणि मॅडमना आपण कोण आहोत हेच आठवेना. “एक मिनिट हं, इथे आवाज येतोय,” म्हणून ती लॅपटॉपकडे पळाली. आवाज फक्त तिच्या चपलांचा येत होता.

नोटीस पिरियडही एकीकडे ‘30 दिवस’ आणि दुसरीकडे ‘चर्चेने ठरवू’ असा होता. नेमणूकपत्रात तो 90 दिवस निघाला. हे दोन्हीकडे 90 झालं. त्यावर बहीण म्हणाली, “90 दिवस थांबणार कोण?” तो प्रश्न कंपनीचा आहे, रेझ्युमेचा नाही.

राहता राहिले संदर्भ. दोन्ही कागदांवर एकाच माणसाचं नाव होतं, चाकणचे तिचे जुने वरिष्ठ. त्यांना तिने आधी फोन करून सांगितलं, की सर, मी दोन वेगवेगळ्या कामांसाठी अर्ज करतेय, कोणी विचारलं तर गोंधळू नका. दोन्ही रेझ्युमे त्यांना पाठवलेही. म्हणाले, “पाठव पाठव, वाचतो.” पुढच्याच महिन्यात त्यांना एकाच आठवड्यात दोन फोन आले. एकाने विचारलं, आकड्यांत कशी आहे? दुसऱ्याने विचारलं, शिकवते कशी? साहेबांनी दोघांना तेच एक उत्तर दिलं: “मुलगी वेळेवर यायची.”